खारी एकटी राहते : कोथरूडच्या फ्लॅटमधल्या नोंदी (जानेवारी ते एप्रिल २०२५)

४ जानेवारी, शनिवार

वहीत लिहून ठेवतेय, कारण डोक्यात ठेवलं की दोन दिवसांनी मला सगळं बरंच चाललंय असं वाटायला लागतं.

परिस्थिती अशी. खारी, आमची कुत्री, देशी, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, डॉक्टरांच्या अंदाजाने ३ वर्षांची, वजन १६ किलो. तिसऱ्या मजल्यावरचा २ बीएचके. आत्तापर्यंत मी घरूनच काम करत होते, पण एप्रिलपासून मंगळवार-गुरुवार ऑफिसला जायचंय. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, तो पहाटे बाहेर पडतो आणि चारला घरी येतो. म्हणजे खारी सकाळी साडेनऊपासून एकटी. हातात तीन महिने आहेत.

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं त्या दिवशी लग्नाला गेला होतात ना, तुझी खारी किती रडत होती गं." मला वाटत होतं ती झोपून राहते. आपण परत येतो तेव्हा ती दारात शेपूट हलवत उभी असते, त्यामुळे मधे काय झालं ते आपल्याला दिसतच नाही.

म्हणून आज जुना फोन टीव्हीच्या बाजूला उभा केला, दार आणि सोफा दोन्ही दिसतील असा, आणि व्हिडिओ कॉल लावून ४५ मिनिटं खाली गाडीत जाऊन बसले. जाताना काँगमधे पीनट बटर भरून दिलं होतं (लाल रबरी पोकळ खेळणं, एल साइज, तिच्या वजनाला तीच लागते).

दिसलं ते असं. ती दोन मिनिटं चाटत होती. मग लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला, तिने मान वर केली, काँग तिथेच टाकून दाराशी गेली, आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ दार ते बाल्कनी, बाल्कनी ते दार. जानेवारीतल्या गारठ्यात जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. मधे तीनदा लांब सूर लावून रडली. मी परत आले तेव्हा मिनिटभर उड्या मारल्या आणि मग जाऊन शांतपणे काँग संपवला.

माझा आजचा निष्कर्ष : पीनट बटर बोअर झालं असेल, काहीतरी भारी भरायला हवं.

५ जानेवारी, रविवार

खरेदी केली. चाटून खायची रबरी लिक मॅट, दाणे सांडणारा बॉल, आणि फळ्या सरकवायचं एक लाकडी पझल, ते दिसायला सुंदर आणि महाग. संध्याकाळी काँगमधे उकडलेलं चिकन भरून २० मिनिटं बाहेर. चिकनला तोंडही लावलं नाही! आमच्याकडे चिकन शिजताना हीच ओट्याखालून हलत नाही. आता मात्र मला शंका यायला लागली.

९ जानेवारी, गुरुवार

व्हेटकडे व्हिडिओ घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिली दोनच मिनिटं बघितली आणि विचारलं, तुम्ही घरात असताना हेच चिकन खाते का, म्हटलं हो, तर म्हणाले मग ती कंटाळलेली नाहीये, घाबरलेली आहे.

फरक त्यांनी समजावला तो लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कंटाळलेला कुत्रा आपण गेल्यावर आधी थोडा झोपतो, मग उठून काहीतरी उद्योग शोधतो, चप्पल, उशी, कचऱ्याचा डबा, घरात कुठेही, आणि मधे खाणं मिळालं तर ते खातोच. घाबरलेल्या कुत्र्याची गडबड बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते, दाराच्या किंवा खिडकीच्या आसपास असते, धाप, लाळ, येरझाऱ्या, रडणं, आणि समोर कितीही चांगलं खाणं असलं तरी गळ्याखाली उतरत नाही. परीक्षेच्या आधी आपल्याला पोहे जात नाहीत ना, तसंच. आपण परत आलो की लगेच खातो, ही सगळ्यात सोपी खूण.

म्हणजे मी काय करत होते तर घाबरलेल्या प्राण्यापुढे खेळणं टाकून निघून जात होते. खेळण्याने भीती जात नाही. उलट खेळणं भीतीचं मीटर आहे, खाल्लं तर ठीक, नाही खाल्लं तर आपण तिच्या आवाक्याच्या पलीकडे गेलोय.

रक्त, लघवी तपासली, नॉर्मल. औषधाबद्दल म्हणाले, या त्रासासाठी कुत्र्यांना देतात ती औषधं आहेत, क्लोमिप्रामिन किंवा फ्लुऑक्सेटिन, पण ती चढायला काही आठवडे लागतात आणि सोबत सराव करावाच लागतो. खारी दार ओरबाडत नाहीये, स्वतःला जखम करत नाहीये, तर आधी सराव करून बघा, सहा-आठ आठवड्यांत फरक दिसला नाही तर या. आणि घरातली माणसांची झोपेची गोळी वगैरे अजिबात द्यायची नाही.

तर प्रोजेक्टचे दोन रस्ते झाले. पहिला, खेळणी खायला शिकवायची, पण मी घरात असताना. दुसरा, एकटं राहायला शिकवायचं, पण खेळण्याशिवाय. दोन्ही नीट जमले की मगच एकत्र. आणि अट अशी, सरावाच्या दिवसांत तिला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं टाकायचं नाही. ही अट सगळ्यात कठीण आहे. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आण की, माझी सिरियल बघत बसेल." देवमाणूस.

१२ जानेवारी, रविवार

रस्ता एक. काँग सुरुवातीला इतका सोपा द्यायचा की तिला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे, हे मला माहीतच नव्हतं. मी पहिल्याच दिवशी पीनट बटर ठासून भरलं होतं, तेही मोठ्या भोकातून आतपर्यंत, आणि ते काढायला तिला येतच नव्हतं.

आज ड्राय फूडचे नुसते कोरडे दाणे भरले, काँग आडवा टाकला, नाकाने ढकलला की पाच-सहा बाहेर. ३ मिनिटांत रिकामा. दुपारी परत. चार-पाच वेळा असं झाल्यावर तोंडाशी थोडं दही लावून भोक अर्धं बंद केलं. तेही जमलं.

मोजमाप : तिचं दिवसाचं ड्राय फूड २२० ग्रॅम. त्यातले ११० रात्री वाटीत, ७० खेळण्यांमधे, ४० खिशात, फिरताना आणि सरावाला. खेळण्यातलं वेगळं आणि जेवणाचं वेगळं असं करायचं नाही, नाहीतर दोन महिन्यांत खारीची पुरणपोळी होईल. वरचं चविष्ट काही म्हणजे दही, चिकन, शेंगदाण्याचं कूट, हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, त्यामुळे घरात तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या आणि पाहुण्यांच्या मुलाने खारीसमोर धरलेला रव्याचा लाडू. त्यात मनुका होत्या. मी ओरडलेच. मनुका आणि द्राक्षं कुत्र्यांच्या किडनीला घातक, थोड्यासुद्धा. खेळण्यात उरलंसुरलं भरायची सवय लागली की हीच भीती असते, कारण आपल्या उरलेल्या भाजीत कांदा-लसूण असतोच आणि तो चालत नाही. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावली : कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट नाही. विकतच्या पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल लिहिलंय का बघायचं, साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विषारी, असेल तर ती बरणी घरात नको. मी आता भाजलेले शेंगदाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवते, मीठ-साखर काही नाही, स्वस्त पडतं.

जमलेली रेसिपी : ड्राय फूडचे ४० ग्रॅम दाणे, तेवढंच कोमट पाणी, १५ मिनिटं भिजवायचे. फुगले की काट्याने अर्धवट चेचायचे आणि दोन चमचे उकडलेला लाल भोपळा मिसळायचा. छोटं भोक दाण्याच्या लगद्याने बुजवायचं, काँग पेल्यात उलटा उभा करायचा, मोठ्या भोकातून मिश्रण भरायचं, दाबायचं नाही. आज नुसतं फ्रीजमधे गार केलं, १२ मिनिटं चाललं. पूर्ण गोठवलेला द्यायला अजून आठवडा तरी थांबायचं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, खेळण्याला दोन भोकं हवीतच. एकच भोक असलं की कुत्रा आत जीभ घालून चाटतो तेव्हा हवा ओढली जाते, जीभ आत अडकते आणि सुजते. मी स्वस्तातला एक बॉल घेतला होता एका भोकाचा, तो फेकून दिला.

१९ जानेवारी, रविवार

दाणे सांडणारा बॉल बाद. म्हणजे खारीला प्रचंड आवडला, पण व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो कडक प्लॅस्टिकचा बॉल सकाळी साडेसातला असा काही गडगडतो की काकूंनी खालून फोन केला, "अगं, वरती काय बोअरिंग मारताय का?" सतरंजीवर ठेवून बघितला तर ती तो सतरंजीवरून टाइल्सवरच नेते.

त्याऐवजी स्नफल मॅट घरीच केली. सिंकमधे ठेवतात ती भोकाभोकाची रबरी जाळी, आणि जुन्या फ्लीसच्या पांघरुणाच्या एक इंच रुंद, सहा-सात इंच लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टी दोन शेजारच्या भोकांतून ओवून घट्ट गाठ. दोन संध्याकाळी गेल्या, नवऱ्याने गाठी मारल्या आणि पूर्ण वेळ बडबड केली. गवतात हुंगावं तसं ती त्यात नाक घालून दाणे शोधते. ३० ग्रॅम दाण्यांना ९ मिनिटं लागली आणि नंतर आपणहून जाऊन आडवी झाली.

सुती पट्ट्या लावू नका. सुती कापडाचे दोरे सुटतात, आणि पोटात गेलेला लांब दोरा आतडी चुण्यांसारखी गोळा करतो, ते सरळ ऑपरेशनवर जातं. आणि मॅट काय, पुठ्ठ्याचे खोके काय, हे सगळं मी घरात असतानाच. खाऊन झालं की उचलायची.

ते महागडं लाकडी पझल तिने तिसऱ्या दिवशी उचलून उलटं केलं. सगळे दाणे एका सेकंदात बाहेर. हुशार आहे. पझल माळ्यावर.

२६ जानेवारी, रविवार

चावायच्या वस्तूंबद्दल. चावणं तिला शांत करतं हे दिसतंय, दहा-पंधरा मिनिटं चावलं की श्वास संथ होतो, डोळे मिटायला लागतात. पण एकटी असताना काय देता येईल, ही यादी फारच छोटी निघाली.

पहिली कसोटी अंगठ्याच्या नखाची. वस्तूवर नख दाबायचं, थोडासाही खड्डा पडला नाही तर ती दातापेक्षा कडक. हरणाचं शिंग, उकडलेलं हाड, खूर, सगळे यात नापास. गालाच्या बाजूचा वरचा सगळ्यात मोठा दात असल्या वस्तूंवर चिरतो, त्याचा कपचा उडतो, आणि कुत्रं सांगत नाही, फक्त एका बाजूने चावायला लागतं.

दुसरी कसोटी, शेवटचा तुकडा. छुरपी, म्हणजे याकच्या दुधाचं सुकवलेलं कडक चीज, मी आणली होती, ती नखाला नापासच होती पण सगळे देतात म्हणून दिली. पाऊण तास छान गेला, मग अंगठ्याएवढा तुकडा उरला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने तो अख्खा गिळायचा प्रयत्न केला. घशाशी आला, ओकारी काढून बाहेर पडला. मी घरात नसते तर? रॉहाइडचंही तेच, चामड्याचा तुकडा ओला होऊन फुगतो आणि गिळगिळीत होतो. आणि शहाळं, आपल्याकडे रिकामं शहाळं कुत्र्याला द्यायची पद्धत आहे, तासभर रमतात हे खरं, पण त्या शेंड्या पोटात जाऊन गोळा होतात.

म्हणून ठरलं : एकटी असताना फक्त रबरी काँग, आणि तोसुद्धा दर रविवारी पिळून, वाकवून, चिरा बघून. तुकडा निघालेला दिसला की सरळ कचऱ्यात. दोरीचं खेळणं, गाजर हे सगळं समोर बसून.

२ फेब्रुवारी, रविवार

रस्ता दोन. हे वाचायला कंटाळवाणं आहे आणि करायला त्याहून. दार उघडायचं, बाहेर जायचं, बंद करायचं, परत यायचं, बास. बाहेर उभं राहून फोनवर तिला बघायचं, आणि ती अस्वस्थ व्हायच्या आधी आत यायचं. आत येऊन लाड नाहीत, नाटक नाही, आपली भाजी चिरायला बसायचं.

पहिल्या दिवशी तिला ८ सेकंद झेपले. आठ! कान मागे, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, या पहिल्या खुणा, रडणं फार नंतरचं. रोज एकच सेशन, पाच-सहा फेऱ्या, रविवारी सुट्टी. वेळ सरळ वाढवत न्यायची नाही हे महत्त्वाचं, नाहीतर प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड हेच ती शिकते. या आठवड्यातलं एक सेशन असं होतं : १० सेकंद, २५, ५, ४०, १५, ६०. साठला कान हलले, पण बसूनच राहिली.

शेजारचे आजोबा मला दारात आत-बाहेर करताना बघून विचारत होते, लॉक बिघडलंय का.

१६ फेब्रुवारी, रविवार

४ मिनिटांवर पोचलो आणि मी आगाऊपणा केला. गुरुवारी वाटलं आता काँग जोडून बघू. हातात दिला, बूट घातले, गेले. तिने काँगकडे बघितलंच नाही, काँग हातात बघताच माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं आणि धाप सुरू. दीड मिनिटात परत यावं लागलं. आधी ४ मिनिटं शांत बसणारी हीच मुलगी.

मग डोक्यात प्रकाश पडला. महिनाभरापूर्वीपर्यंत काँग म्हणजे काय होतं, तर आई निघाली. लग्नाला जाताना काँग, सिनेमाला जाताना काँग. आपणच भोंगा वाजवून सांगत होतो.

दुरुस्ती : दोन आठवडे काँग अवेळी द्यायचा. मी मीटिंगमधे असताना, कपडे घडी करताना, रात्री दहाला. दिवसातून एकदा, आणि त्यानंतर दोन तास घराबाहेर पाऊलही टाकायचं नाही. बूट आणि किल्ल्यांचंही तसंच, किल्ल्या घेऊन सोफ्यावर बसायचं, बूट घालून पोळ्या लाटायच्या. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बोलला.

२ मार्च, रविवार

लिफ्टचा आवाज. बाकी सगळं जमतंय पण लिफ्टचं दार धडकलं की ती उठते. मी आठवडाभर जिन्याने गेले, लगेच १२ मिनिटं झाली. मग लिफ्टच्या आवाजाचं रेकॉर्डिंग फोनवर घेतलं, अगदी बारीक आवाजात लावायचं, लगेच एक दाणा, परत लावायचं, परत दाणा. पाच दिवसांत मोठ्या आवाजापर्यंत. आता लिफ्ट वाजली की ती माझ्या खिशाकडे बघते. बॅकग्राउंडला फॅन आणि रेडिओ चालू ठेवायचा, पण तो रोजच ठेवायचा, फक्त जाताना लावला तर तोही भोंगाच होईल.

आणि मुंग्या. काँग सोफ्याखाली गेला, रात्रभर राहिला, सकाळी काळी रांग. आता खेळणी मोजून देते आणि मोजून घेते, बाटली धुवायच्या ब्रशने गरम पाण्यात आतून घासायची. दही घातलेलं असेल तर तीन तासांच्या वर बाहेर नको, वास येतो.

२३ मार्च, रविवार

धुळवडीच्या आठवड्यात (१४ तारखेला होती) सराव बंद ठेवला होता, ढोल आणि आरडाओरडा सुरू असताना काही शिकवण्यात अर्थ नाही, ती काकूंकडे होती. नंतर दोन पावलं मागे येऊन पुन्हा सुरू केलं.

आज ५० मिनिटं. आणि आज पहिल्यांदा गोठवलेला काँग जोडला. पद्धत बदलली, हातात न देता, फिरून आल्यावर मॅटच्या कोपऱ्यात ठेवला, मी पाच मिनिटं घरातच फिरले, ती चाटायला लागली तेव्हा काही न बोलता निघाले. गाडीत बसून फोनवर बघत होते. लिफ्ट वाजली, तिने मान वर केली, दाराकडे बघितलं. मी श्वास धरलेला. आणि मान खाली घालून परत चाटायला लागली. २२ मिनिटं काँग, मग पाणी प्यायली, मग सोफ्यावर गोल होऊन झोप. गाडीत एकटीच बसून मी ओरडले, वॉचमनने बघितलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढीची गाठी तिने ओढून पळवली, अर्धी खाल्ली. साखरच आहे, पण दोरा काढून घेतला तोंडातून. सराव नाही.

५ एप्रिल, शनिवार

घराची तयारी. ती हॉलमधेच राहणार, बाकी दारं बंद. क्रेटमधे कोंडायचं नाही ठरवलं, कोंडल्यावर ती जास्त घाबरते हे एकदा बघितलंय. जमिनीवर लोळण घेतली आणि तिच्या उंचीवरून खोली बघितली, हा उद्योग खरंच करा. चार्जरची वायर, पडद्याची दोरी, डासांचं लिक्विड मशीन, सगळं वर. कचऱ्याचा डबा बाथरूममधे. बाल्कनीचं दार कडी लावून बंद, कबुतरांची जाळी ही कबुतरांसाठी असते, १६ किलोच्या कुत्र्यासाठी नव्हे. गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा, बिल्ला ग्रिलमधे अडकून फास बसू शकतो. पाण्याची दोन भांडी, एक सांडलं तर दुसरं.

उन्हाळ्यासाठी नवीन प्रयोग : अॅल्युमिनियमची इडलीची ताटली, खळग्यांमधे दही-भोपळा. डीप फ्रीजरला लावू नका, गोठलेल्या धातूला ओली जीभ चिकटते, नुसती फ्रीजमधली गार पुरते. ही ताटली फक्त मी घरात असताना. लिक मॅट मात्र बंद, तिने कडा कुरतडायला सुरुवात केलीय.

१० एप्रिल, गुरुवार

पहिली खरी ट्रायल, ऑफिससकट. मंगळवारी १ तास ५० मिनिटं झाले होते, आज साडेतीन तास ठरवले. मधे एक वाजता डॉग वॉकर मुलगा येणार. तीन आठवडे तो आमच्यासोबत फिरायला येत होता, खारीच्या ओळखीचा आहे.

सकाळचा क्रम : ७:३० ला ४० मिनिटं फिरणं, त्यात पळवणं कमी आणि हुंगणं जास्त, तिला हव्या त्या झाडापाशी हवा तेवढा वेळ. पूर्वी मी तिला दमवायला धावायची, तर घरी येऊन ती अजूनच तारेत असायची. घरी आल्यावर हॉलमधे १० ग्रॅम दाणे लपवून "शोध", सात-आठ मिनिटं. मग अर्धा तास काहीच नाही, तिला निवांत व्हायला वेळ द्यायचा, हा अर्धा तास मी आधी खाऊन टाकायचे. ९:२५ ला दोन काँग, एक गार सोपा, एक गोठवलेला. ९:३० ला निघाले.

९:३० ते ९:५२ खाणं. ९:५८ झोप. आणि ११:१० ला कॅमेरा बंद. पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, गुरुवार! पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट घालवतात तो वार, आणि मी ऑफिसचा वार म्हणून तोच निवडलेला. वायफाय गेलं, म्हणजे फॅनही गेला, बाहेर कडक ऊन. काकूंना फोन केला, किल्ली त्यांच्याकडे आहे. त्या वर गेल्या, खिडक्या उघडल्या, म्हणाल्या, "झोपलीय गं टाइलवर पसरून, मला बघून एक डोळा उघडला फक्त."

दुरुस्त्या : हॉलचा फॅन आणि राउटर इन्व्हर्टरवर. उन्हाची बाजू बघून पडदे सकाळीच ओढायचे. पाण्यात बर्फाचे दोन खडे. आणि दुपारी लाइट नसेल तर खिडकी किती उघडी ठेवायची ते ग्रिल बघून ठरवायचं.

१७ एप्रिल, गुरुवार

तिसरा ऑफिस दिवस. ९:३० ते १ एकटी, वॉकर १ ते १:३५, मग परत नवरा येईपर्यंत अडीच तास. एका वेळी चार तासांच्या वर न्यायचं नाही, झेपलं तरी. दुपारी नवीन खाणं देत नाही, झोपायचीच वेळ असते तिची, वॉकर फक्त एक रिकामा काँग उचलून धुवायला टाकतो.

मागच्या मंगळवारी एक वाईट दिवस होता. व्हिडिओत १०:४० ला उठून दाराशी वीस मिनिटं बसली, रडली नाही पण दुसरा काँग अर्धा सोडला. सोसायटीत ड्रिलिंग चालू होतं असं नंतर कळलं. त्यामुळे बुधवारी फक्त दोन छोट्या फेऱ्या, ३ मिनिटं आणि १० मिनिटं, आणि आज परत ठीक. अर्धा सोडलेला काँग दिसला की दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायची, हा आता घरातला नियम, नवऱ्यालाही पाठ झालाय. तो घरी आला की आधी काँग हलवून बघतो आणि मला मेसेज टाकतो, "रिकामा".

आज डॉक्टरांना फोन केला, औषधाची गरज नाही म्हणाले, व्हिडिओ महिन्यातून एकदा पाठवा. वजन १६.३. भोपळा कमी करते.

बाकी कामं : काँगचं दुसरं जोडपं आणायचं, धुवून वाळायला वेळ लागतो. पावसाळ्यात सकाळचं हुंगणं कसं करायचं बघायचं, जिन्यात दाणे लपवायला सोसायटी परवानगी देईल असं वाटत नाही. काकूंना आंबे द्यायचे, पेटी आली की पहिले.